नर्फ केला की मेटा संपतो?

"मेटा म्हणजे काय, तर कंपनीने पॅचमध्ये ज्याचे आकडे वाढवले तो हिरो चालतो, ज्याचे नर्फ करून कमी केले तो संपतो. ज्याचे आकडे जास्त तो घ्या आणि जिंका." असं बरेच जण म्हणतात. पण मेटा म्हणजे त्या त्या वेळी सर्वात फायद्याची ठरणारी खेळण्याची पद्धत, आणि ती नुसत्या आकड्यांवर ठरत नाही.

ओव्हरवॉच या सहा विरुद्ध सहा खेळाडूंच्या शूटिंग गेममधला 'गोट्स' मेटा आठवून पाहा. मार्च 2018 मध्ये ब्रिगिटा ही नवी हिरो आली. एकटीने सामना फिरवावा एवढा तिचा डॅमेज कधीच नव्हता. पण ती आजूबाजूच्यांना हील करायची, चिलखत द्यायची आणि जवळ येणाऱ्याला स्टन करून क्षणभर जखडून ठेवायची. तिच्यासोबत राइनहार्ट, झार्या, डी.व्हा हे मार झेलणारे तीन टँक आणि लुसिओ, झेन्याटा हे साथीदारांना सावरणारे दोन सपोर्ट घेतले की सहा जणांचा घोळका सरळ अंगावर चालून यायचा, आणि त्यातला एकही लवकर मरायचा नाही. मेटा होता तो या जुळणीचा. ही जुळणी ज्या संघामुळे गाजली, त्याचंच नाव तिला चिकटलं.

आता आकड्यांकडे वळू. जानेवारी 2019 च्या पॅचने चिलखत कमजोर केलं. आधी ते प्रत्येक गोळीचा डॅमेज 5 ने कमी करायचं, मात्र निम्म्यापेक्षा जास्त नाही. ते 5 चे 3 झाले. म्हणजे 20 डॅमेजची गोळी आधी 15 ची लागायची, ती 17 ची लागू लागली. पण ट्रेसरच्या गोळीचा डॅमेज 6. तिथे निम्म्याची मर्यादा लागू होते, म्हणून आधीही 3 आणि नंतरही 3. पॅच नोट्स नुसत्या वरवर चाळणाऱ्याला हे दिसतच नाही.

त्याच पॅचमध्ये रीपरला केलेल्या डॅमेजच्या 30 ऐवजी 50 टक्के हील मिळू लागलं. ताकद वाढवणारा हा बफ चांगलाच मोठा होता. तरीही ओव्हरवॉच लीग या व्यावसायिक स्पर्धेत गोट्स पुढे कित्येक महिने टिकला, कारण रीपरला मारायला जवळ जावं लागतं आणि जवळ गेलं की ब्रिगिटाचा स्टन आणि राइनहार्टचा हातोडा तयारच.

जुलै 2019 मध्ये शांघाय ड्रॅगन्सने लीगच्या तिसऱ्या टप्प्याच्या अंतिम सामन्यात सॅन फ्रान्सिस्को शॉकला 4-3 ने हरवलं, आणि तेही गोट्सच्या वाटेला न जाता. हातोडा पोचत नाही अशा उंचीवरून फारा रॉकेट टाकायची, सोम्ब्रा हॅक करून क्षमता बंद पाडायची. मला तरी यात आकड्यांपेक्षा सराव आणि धाडस जास्त दिसतं.

गोट्सचा शेवट केला तो एका नियमाने. चौथ्या टप्प्यापासून प्रत्येक संघात दोन टँक, दोन डॅमेज, दोन सपोर्ट सक्तीचे झाले, आणि तीन-तीनची जुळणी करणंच अशक्य झालं. ऑगस्टमध्ये सिग्मा आला आणि ओरिसासोबत त्याच्या दुहेरी ढालींचा मेटा सुरू झाला.

राहिलं "घ्या आणि जिंका". गोट्समध्ये सहाही जणांनी एकाच क्षणी पुढे सरकायचं असतं. अनोळखी पाच जणांसोबत एकट्याने ब्रिगिटा घेतली आणि बाकीचे चार दिशांना पांगले, तर तिच्या हीलच्या टप्प्यात कुणी उरतच नाही.