करंगळीचं घर

सेलमध्ये आठ नंबरचे बूट मिळाले आणि माझा पाय नऊ नंबरचा. दुकानातला मुलगा म्हणाला, "लेदर आहे सर, दोन दिवसांत सैल होतील." धाकट्या भावाचं लग्न दहा दिवसांवर होतं आणि किंमत निम्मी. मी विश्वास ठेवला. निम्म्या किमतीत माणूस कशावरही विश्वास ठेवतो.

घरी बूट घालून हॉलमध्ये चार फेऱ्या मारल्या. डावी करंगळी पेटली, अंगठा पुढच्या भिंतीला जाऊन टेकला. मग कुणीतरी फ्रीजरचा उपाय सुचवला: पिशवीत पाणी भरून बुटात कोंबायचं आणि रात्रभर गोठवायचं. बर्फ होताना पाणी साधारण नऊ टक्के फुगतं, तेवढा बूट ताणला जातो. हिशेब चोख होता. सकाळी बायकोनं मटार काढायला फ्रीजर उघडला.

"हे काय आहे?"

"बूट."

"ते दिसतंय मला."

पिशव्या दुहेरी असल्याचं मी सांगितलं, पण चर्चा त्या दिशेनं गेली नाही. शिवाय फुगणाऱ्या पाण्याला करंगळीशी काही देणंघेणं नव्हतं. बुटाचं तोंड उघडंच होतं, ते तिकडून आरामात वर आलं. करंगळीपाशी बूट जसाच्या तसा राहिला आणि पिशवी गळाल्यामुळे टाचेवर पाण्याचा डाग तेवढा पडला.

शेवटी स्टेशनबाहेरच्या गटई स्टॉलवर गेलो. मामांनी एका हातातली रापी खाली ठेवली, बूट उलटासुलटा केला आणि नखानं वाजवायला लागले. पुढच्या टोकावर टकटक आवाज आला. टाचेवरही टकटक. करंगळीच्या बाजूला मात्र नुसतं 'ठप'.

"टकटक वाजतं तिथं आत कडक तुकडा बसवलेला असतो. तो काय ताणायचा नाही. ठप वाजतं तिथं नुसतं कातडं आहे, तिथं मी देतो जागा."

"आणि अंगठ्याला?"

"खाली बघा." त्यांनी तळव्यावरून बोट फिरवलं. "कातडं वरून ओढून याच्याखाली दुमडून चिकटवलंय. लांबी वाढवायची तर हा तळवाच वाढला पाहिजे. एका नंबरात साडेआठ मिलिमीटर येतात, साहेब. कुठनं आणू?"

मी गप्प बसलो. साडेआठ मिलिमीटर ही वस्तू मागून मिळत नाही, हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. "रेक्झिनचे असते तर हेही हातात घेतलं नसतं," ते म्हणाले. "रेक्झिन फर्म्यावर ताणतं आणि फर्मा काढला की परत जागेवर. नाहीतर तडकतं."

मग त्यांनी माझ्या मोज्यावर, नेमकी करंगळी दुखते तिथं, खडू घासला आणि बूट घालून उभं राहायला लावलं. बूट काढला तर आत पांढरा ठिपका. माझ्या दुःखाचा एवढा नेमका पत्ता आजवर कुठल्या डॉक्टरनं काढला नव्हता. लाकडी फर्म्याला भोकं होती. ठिपक्यासमोरच्या भोकात त्यांनी लाकडाचा एक गुटगुटीत गोळा ठोकला, बुटात आतून पाणी आणि स्पिरिट अर्धं-अर्धं शिंपडलं, फर्मा आत घालून स्क्रू आवळला. ओलं झालं की कातड्याचे धागे एकमेकांवरून सरकतात आणि ताणलेल्या अवस्थेत वाळले की तिथंच राहतात. म्हणून घाई करायची नाही. सकाळ-संध्याकाळ पाव फेरा, असे दोन दिवस. एकदम आवळलं तर शिवण उसवते. आणि पायाला लागतं त्याहून थोडं जास्तच ताणायचं, कारण फर्मा निघाल्यावर कातडं जरा मागे येतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आणायला गेलो. मुद्दाम संध्याकाळी, कारण दिवसभर चालून पाय सुजलेले असतात. सकाळी बसलेला बूट संध्याकाळी खोटं बोलला असं वाटतं. बाजूला तीन-चार मिलिमीटरचा छोटासा फुगवटा आला होता, जणू करंगळीला बाल्कनी काढून दिलेली. करंगळी सुखात होती. अंगठा अजून भिंतीशीच. मामांनी पैसे घेताना परत एकदा बजावलं, "अंगठ्याचं मी बोललो नव्हतो हां."

लग्नात मी मांडवाच्या कडेला बूट काढले आणि अंतरपाट दूर होईपर्यंत पाय गार फरशीवर ठेवून बसलो. तेवढ्यात नवरीच्या बहिणींनी नवरदेवाचे समजून माझेच बूट पळवले. दोन हजार मागितले. मी म्हटलं, ठेवा. हजारावर आल्या, मग पाचशेवर. मी पुन्हा म्हटलं, ठेवा. असा वरपक्ष त्यांनी पाहिला नव्हता.

जेवणाच्या वेळी नवरीचा मामेभाऊ तेच बूट घालून जिलबी वाढताना दिसला. त्याचा नंबर आठ. "मस्त बसलेत दादा," तो म्हणाला, "फक्त डाव्या करंगळीपाशी जरा ढगळ आहेत."