मालवणच्या दुकानदाराला 'शेवटची संधी' कशी द्यावी

तुम्हाला पॅकिंगची पाकिटं विकायची आहेत आणि मालवणच्या बाजारातल्या एका काजू-आमसुलांच्या दुकानाचा मेल आयडी हाती लागलाय. आता मागे हटू नका. विषयात लिहा, 'Re: आपलं बोलणं झाल्याप्रमाणे'. बोलणं झालेलंच नाही हे दुकानदाराला ठाऊक असतं, पण तुम्ही कसे आहात हे त्याला पहिल्याच ओळीत कळलेलं बरं. मग 'डिअर बिझनेस ओनर', मग तीन परिच्छेद कंपनीची थोरवी, मग 'आपण रोज ग्राहक गमावत आहात' असा दम. दम द्यायला मे महिनाच निवडा. दारात पर्यटकांच्या गाड्या, गल्ल्यात सुटे संपलेले आणि मागच्या अंगणात पावसाआधी वाळायला हवीत अशी कोकमं, म्हणजे माणूस मेल वाचायला अगदी मोकळा! 'ऑफर आज रात्री 12 पर्यंत' हे हवंच. उद्या तीच पुन्हा पाठवता येते.

"ह्यो कोण मेलो माका संधी देणारो?" असं दुकानदार म्हणेल. म्हणू दे, लक्षात तर राहिलात.

आमच्या माहितीतल्या एका विक्रेत्यासारखं मात्र वागू नका. हा गृहस्थ आधी दुकानात जाऊन काजूचं पाकीट घेऊन आला, तेही स्वतःच्या पैशाने. आणि जूनअखेर, गर्दी ओसरल्यावर, 'तुमच्या काजूच्या पाकिटाबद्दल' असा विषय देऊन त्याने लिहिलं:

"सप्रेम नमस्कार. मी कुडाळला पॅकिंगची पाकिटं विकतो. मे महिन्यात तुमच्याकडून भाजलेले काजू नेले, आवडले. पाकिटाचं तोंड दुमडून पिन मारलेली होती. घडीतून आणि पिनेच्या भोकांतून दमट हवा आत जाते, म्हणून पावसात काजू लवकर सादळतात. हातसीलरने तोंड चिकटवलंत तर याच पाकिटात फरक पडेल. जास्त दिवस टिकवायचे असतील तर पातळ प्लॅस्टिक पुरत नाही, आतून चंदेरी थर असलेलं जाड पाकीट लागतं. ते माझ्याकडे मिळतं, कमीत कमी 100 नग. नमुन्याची दोन पाठवू का? नको असल्यास उत्तराचीही गरज नाही, मी पुन्हा मेल करणार नाही."

काय हा वेडेपणा! सीलरची युक्ती फुकट सांगून टाकली. त्याने भागत असेल तर आपली पाकिटं नकोत, हेही जवळपास कबूल केलं. किमान नग आधीच सांगितल्यामुळे फोनवर घोळवायची सोय गेली. विचारलं काय, तर 'हो' किंवा 'नको'त संपणारा एक प्रश्न. आणि शेवटच्या ओळीत 'माझा मेल पाहिलात का?' या थोर साहित्यप्रकारावर स्वतःच पाणी सोडलं.

दुकानदाराने सीलर आणला आणि गप्प बसला. गणपतीच्या तोंडावर दोन ओळी आल्या: "नमुने धाडा. चाकरमानी येतले, काजू मुंबईक नेतले." तोवर या पठ्ठ्याने एकदाही आठवण केली नव्हती. याला कोण टार्गेट देतं, देव जाणे.