पाच दगावतात की पंच्याण्णव वाचतात?

मुंबई नाक्याजवळच्या एका हॉस्पिटलात मध्यंतरी दोन भावांची चांगलीच जुंपलेली पाहिली. निफाडकडची मंडळी, वडिलांचं ऑपरेशन करायचं की नाही यावरून. थोरला म्हणे, "डॉक्टर म्हणालेत, शंभरातले पंच्याण्णव सुखरूप घरी जातात." धाकटा हटून बसलेला, "दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, शंभरात पाच दगावतात. अण्णांना मी कापू देणार नाही." आकडा एकच होता, तरी दोघं हमरीतुमरीवर आले होते.

याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांसाठी 1982 सालचा एक अभ्यास सांगतो. बार्बरा मॅकनील, अमोस ट्वर्स्की आणि सहकाऱ्यांनी तो 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापला. प्रश्न असा, की फुप्फुसाचा कॅन्सर झालाय असं समजा. ऑपरेशन कराल की रेडिएशन घ्याल? काहींना जगणाऱ्यांचे आकडे दिले. ऑपरेशन केलेल्या शंभरातले 90 उपचारातून वाचतात, वर्षाने 68 असतात, पाच वर्षांनी 34. रेडिएशनमध्ये उपचारातून सगळे 100 वाचतात, वर्षाने 77 आणि पाच वर्षांनी 22. बाकीच्यांना हेच आकडे मृत्यूच्या बाजूने सांगितले: ऑपरेशनमध्ये 10 दगावतात, रेडिएशनमध्ये कुणी नाही, आणि पुढेही तसंच.

पहिल्या गटात रेडिएशन निवडणारे 18 टक्के होते. दुसऱ्यात 44. उत्तर देणाऱ्यांत पेशंट होते, संख्याशास्त्र शिकलेले बिझनेस स्कूलचे विद्यार्थी होते आणि चक्क डॉक्टरही होते. परिणाम डॉक्टरांवरही कमी झाला नाही!

गंमत कुठे आहे बघा. 90 आणि 100 यांतला फरक डोळ्यांत भरत नाही, पण 10 आणि शून्य यांतला फरक छातीत धडकी भरवतो. त्या दहांच्या भीतीपुढे पाच वर्षांनी ऑपरेशनवाले बारा जण जास्त जिवंत असतात, ही गोष्ट मागे पडते. (आकडे त्या काळचे आहेत, आज त्यावरून उपचार ठरवू नका.) बरं, यात एकच बरोबर उत्तरही नाही. ज्याला येत्या वर्षभरात घरचं लग्न बघायचंय त्याने रेडिएशन निवडलं तर चूक काय? फक्त निवड त्याच्या गरजेवरून व्हावी, सांगणाऱ्याच्या वाक्यावरून नको.

"मरणाचे आकडे सांगितले की पेशंट हबकतो," असं माझा एक डॉक्टर मित्र म्हणतो. खरं आहे. पण नुसतं जगण्याचं सांगणं हीसुद्धा ढकलाढकलीच, गोड बोलून केलेली. माझं मत स्पष्ट आहे: संमतीपत्रावर दोन्ही ओळी एकाखाली एक, सारख्याच अक्षरात छापा. शंभरात किती वाचतात, किती दगावतात. आज, वर्षाने आणि पाच वर्षांनी. ऑपरेशन न केल्यास काय, तेही त्याच शंभरात. पेशंटच्या माणसांनी सहीआधी हेच विचारावं, आणि उत्तर कागदावर लिहून मागावं.