बोटीचं नाव आणि बोटीतले फासे

'दाइगो फुकुर्यू मारू' या जपानी मासेमारी बोटीची गोष्ट निघाली की एक टोमणा ठरलेला असतो: नाव 'भाग्यवान ड्रॅगन' आणि नशिबी बिकिनी बेटांवरच्या अणुचाचणीची राख. मला तो टोमणा उथळ वाटतो. १९५४ मध्ये २३ खलाशांवर ती राख पडली, तेव्हा हे नाव जेमतेम वर्षभराचं होतं. १९४७ मध्ये बोट बांधली तेव्हा ती 'दाइनाना कोतोशिरो मारू' होती. दाइनाना म्हणजे सातवी, कोतोशिरो हे मासेमारांच्या देवाचं नाव आणि मारू हा बोटींच्या नावामागे लागणारा शब्द. पुढे मालक बदलला आणि सातवीची 'दाइगो', म्हणजे पाचवी झाली. तिकडे एकाच मालकाच्या बोटी एकाच नावाच्या असतात, फक्त आकडा बदलतो. म्हणजे पाटीवरचं नाव हे बरंचसं मालकाचं आडनाव समजा.

बोटीचं नशीब तिथले लोक पाटीवर सोडत नाहीत. त्यासाठी 'फुनादामा' असते, बोटीचा जीव. लाकडी बोटीत डोलकाठीच्या बुडाशी खाच कोरून सुतार ती आत बसवतो: कागदाच्या दोन बाहुल्या, बाईचे केस, पाच धान्यं, १२ नाणी (अधिक महिन्याच्या वर्षी १३) आणि दोन फासे. मग खाच बंद. हे काम तो एकटा, कुणी बघत नसताना करतो.

खरी गंमत फाशांत आहे. वर एक, खाली सहा. बोटीच्या पुढच्या टोकाकडे तीन, मागे चार. बाहेरच्या दोन्ही बाजूंना पाच आणि मधे दोनला दोन भिडलेले. चार म्हणजे 'शि', म्हणून मागे 'शिआवासे', सुदैव. दोन म्हणजे 'नि', आणि 'नि' म्हणजे मालसुद्धा. म्हणून बोटीच्या पोटात माल.

मी सापशिडीचे दोन फासे घेऊन हे मांडायला बसलो. जमेना! एक वर आणि तीन पुढे ठेवला की दोन्ही फाशांचा पाच एकाच बाजूला जातो. अर्ध्या तासाने डोक्यात प्रकाश पडला: एक फासा दुसऱ्याच्या आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा हवा. नेहमीच्या जोडीने हे होणारच नाही, तसा कोरूनच घ्यावा लागतो.

यानंतरचा जलावतरणाचा सोहळा सगळ्यांसाठी. नातेवाइकांनी भेट दिलेले रंगीत 'ताइर्योबाता' झेंडे बोटभर फडकतात, त्यांवर बोटीचं नाव मोठ्या अक्षरांत. वरून तांदळाचे मोची गोळे उधळले जातात आणि खाली पोरंबाळं ते झेलतात. फोटो याचेच निघतात, साहजिकच.

आता फायबरच्या बोटींना कोरायला डोलकाठीचं बूडच नसतं. मग तेच सामान छोट्या लाकडी पेटीत भरून सुकाणूच्या खोलीत ठेवतात. फासे त्यातही असतात.