बेसिनचा पिवळेपणा काढायचा, ग्लेझ नाही

"बाथटब किंवा वॉश बेसिन पिवळं पडलंय? टॉयलेट क्लीनर ओता, वरून खायचा सोडा, व्हिनेगर आणि थोडं ब्लीच टाका. अर्ध्या तासाने तारेच्या घासणीने दाबून घासा. तरी डाग राहिला तर थिनर लावा. पाच मिनिटांत नव्यासारखं चकचकीत! सगळ्यांना पाठवा."

असा एक फॉरवर्ड फिरतोय. त्यातलं सगळ्यात आधी ब्लीच, कारण तिथे प्रश्न चकाकीचा नाही, जिवाचा आहे. टॉयलेट क्लीनरच्या बाटलीत बहुधा साधारण 10 टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते ब्लीचला भेटलं की क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगरनेही हेच होतं. आपल्याकडच्या बाथरूमला हातभर खिडकी, तीही बंद, आणि माणूस वाकून बेसिनमध्ये तोंड घालून घासतोय. डोळे चुरचुरले, घशात जळजळलं तर आधी बाहेर या, दार-खिडकी उघडी टाका. धुण्याचं नंतर बघू. शिवाय नळाखालचा पिवळा पट्टा बहुतेक वेळा लोखंडाचा, म्हणजे गंजाचा असतो. ब्लीचने गंज निघत नाही, उलट पक्का बसतो. धोका पत्करून डागच घट्ट करायचा, असा तो सौदा आहे.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकले की भरपूर फेस येतो आणि काम चालू आहे असं वाटतं. फेस म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साइड. सोड्याने आम्ल मारलं आणि आम्लाने सोडा, खाली उरलं जवळजवळ खारट पाणी. डागाला आम्ल हवं असेल तर त्यात सोडा घालायचा नाही, एवढं साधं आहे.

ॲसिडबद्दल मात्र खरं तेच सांगते. सिरॅमिकवरचं ग्लेझ म्हणजे एक प्रकारची काच. टॉयलेट क्लीनर ती लगेच खात नाही, म्हणून फॉरवर्ड करणाऱ्याला "आमचं तर छान निघालं" असा अनुभव येतो. नुकसान होतं ते आजूबाजूला. जाळीभोवतीची स्टीलची कडी काळवंडते आणि तिला बारीक खड्डे पडतात, नळाच्या बुडाचं क्रोम सुटतं, फटीतलं पांढरं सिमेंट विरघळतं. बेसिन संगमरवरात किंवा कडप्प्यात बसवलेलं असेल तर त्यावर उडालेला प्रत्येक थेंब कायमचा मॅट ठिपका ठेवून जातो, कारण हे दोन्ही दगड चुन्याच्या जातीचे.

चकाकी खरी जाते घासणीने. तारेची घासणी ग्लेझवर राखाडी रेघा ओढते. त्यातल्या काही नुसत्या लोखंडाच्या खुणा असतात आणि त्या आम्लाने निघतातही. पण हिरव्या घासणीत धार असलेले बारीक कण बसवलेले असतात, ते खरे ओरखडे पाडतात. तारेचा एखादा तुकडा जाळीपाशी अडकून राहिला की दोन दिवसांत तिथेच नवा पिवळा ठिपका दिसतो. ॲक्रिलिक तर काचेच्या मानाने फारच मऊ, तिथे घासायची पावडरसुद्धा नको. एकदा ओरखडा पडला की साबण, तेल, क्षार त्यात अडकतात. मग टब आधीपेक्षा लवकर पिवळा पडतो, आणि आपण आणखी जोरात घासतो.

थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर ॲक्रिलिकवर कधीच नाही. रिमूव्हरमधलं ॲसिटोन ॲक्रिलिक विरघळवतं. कापूस फिरवला तिथे पृष्ठभाग चिकट होतो, मग धुरकट वाळतो, आणि बारीक केसासारख्या भेगाही पडू शकतात. ते परत साफ करता येत नाही.

मग करायचं काय, हे एका बेसिनवरच दाखवते. वाघोलीला माझ्या मावशीकडे बोअर आणि टँकरचं पाणी. पांढऱ्या सिरॅमिक बेसिनमध्ये नळापासून जाळीपर्यंत तीन बोटं रुंद, हळदीसारखा पट्टा होता. आधी नखाने बघितलं. मधला भाग गुळगुळीत, म्हणजे गंज. कडेला खरखरीत, तिथे क्षारांचा थर. कडेवर लिंबाच्या रसाचा थेंब टाकला तर बारीक बुडबुडे आले, म्हणजे चुनाच. नळ थेंबथेंब गळत होता, तो वॉशर आधी बदलून घेतला. नाहीतर पट्टा महिन्याभरात परत आलाच असता.

मग पाव लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, विरघळवलं. किराणा दुकानात मिळतं ते. पाणी कडकडीत गरम घ्यायचं नाही, त्यात चुन्याबरोबर पांढरा साकाच बसू शकतो. हातमोजे घातले, कडप्प्याच्या ओट्यावर प्लास्टिक अंथरलं. साबणाने बेसिन धुऊन तेलकटपणा काढला. टिश्यू पेपर त्या पाण्यात भिजवून पट्ट्यावर चिकटवले आणि वाळू नयेत म्हणून मधूनमधून शिंपडत राहिले. अर्ध्या तासाने कागद उचलले तर ते स्वतःच पिवळसर झालेले. मऊ स्पंजने नुसतं पुसलं, भरपूर पाण्याने धुतलं. पहिल्या वेळी साधारण अर्धा पट्टा गेला, बाकीचा आणखी दोनदा केल्यावर. जोर एकदाही लावला नाही. घाई असणाऱ्यांना हे आवडत नाही, पण इथे काम वेळ करतो, मनगट नाही.

ॲक्रिलिक टबला हीच कृती, फक्त अर्ध्या ताकदीने: तेवढ्याच पाण्यात अर्धा मोठा चमचा, 10 ते 15 मिनिटं, आणि आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघायचं. बाजारात गंजासाठी ऑक्झॅलिक ॲसिडही मिळतं आणि ते जास्त जोरदार असतं, पण विषारी आहे. घरात लहान मूल असेल तर मी आणणार नाही.

मध्येच थांबून बघायची एक खूण आहे. बेसिनमध्ये तिरक्या कोनातून ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहा. कड रेघेसारखी स्वच्छ दिसली तर ग्लेझ शाबूत. कड पसरट, धुरकट झाली तर ओरखडे पडू लागलेत, तिथेच हात थांबवा.

काही पिवळेपणा मात्र निघत नाही. टबाचं ॲक्रिलिकच उन्हाने आणि वयाने पिवळं पडलं असेल तर रंग सगळीकडे सारखा असतो, डागाला कड नसते, आणि लिंबूसत्वाने काडीचाही फरक पडत नाही. ओव्हरफ्लोच्या झाकणाखाली बघा. या खुणांबरोबर तिथे मूळ पांढरा रंगही दिसला तर पिवळेपणा बहुधा वर बसलेला नाही, प्लास्टिकच्या अंगात आहे. प्लास्टिक पॉलिशने वरची चकाकी थोडी परत येईल, पांढरेपणा येणार नाही.