नऊ वीसची लिफ्ट

लिफ्टचा हिशेब करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, आणि लिफ्टच्या रांगेत उभं राहणं हा रोजचा सकाळचा उपवास. आमच्या इमारतीत वर चौदा मजले, हजार माणसं, लिफ्ट चार. साडेनऊला अंगठा लावायचा, माझं टेबल अकराव्यावर.

रांगेत करणार काय? हिशेब. आत पाटी आहे, '13 व्यक्ती, 884 किलो'. म्हणजे माणशी 68 किलो. हे 68 किलोवाले आमच्याकडे कामाला नाहीत, शिवाय प्रत्येकाच्या पाठीवर सॅक. म्हणून धरायची दहाच माणसं. ही दहा माणसं सरासरी सात-साडेसात मजल्यांवर उतरतात. दर थांब्याला वेग मारणं, दार उघडणं, मिटणं, पुन्हा वेग घेणं यांत आठ सेकंद जातात. तळमजला धरून झाले 67. सेकंदाला दीड मीटर वेगाने वर जाऊन परत यायला 63, माणसांच्या चढउतारीला 20. एका फेरीला अडीच मिनिटं! पाच मिनिटांत चार लिफ्ट मिळून 80 माणसं नेतात, म्हणजे हजारातली आठ टक्के. सकाळच्या गर्दीला निदान बारा टक्के तरी हवीत.

मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "वेग वाढवा."

वेग अडीच मीटर केला तरी फेरीतले वाचतात 25 सेकंद, माणसं होतात 96. लोकलला वंदे भारतचा वेग दिला, तरी ती नाहूरला थांबणारच. आमचं नाहूर म्हणजे दुसऱ्या मजल्याचे काका. दोन जिने चढायचे नाहीत म्हणून ते नऊ जणांचे आठ सेकंद रोज खातात, वर "सॉरी हं" म्हणतात.

"मग मोठी लिफ्ट?" वीस जणांची घेतली तर सोळा माणसं शिरतात, थांबे दहाच्या घरात जातात, फेरी तीन मिनिटांची होते. माणसं 105 जातात खरी, पण दोन लिफ्टमधलं अंतर 37 सेकंदांवरून 45 वर जातं. सहा लिफ्ट असत्या तर बरोबर 120 माणसं गेली असती, दर 25 सेकंदांनी एक लिफ्ट आली असती. पण त्या दोन लिफ्टच्या विहिरी नकाशावरच बुजल्या. तिथे आता दर मजल्यावर भाड्याने दिलेली जागा आहे.

शेवटी फुकटातला उपाय निघाला. दोन लिफ्ट सातव्यापर्यंत, दोन आठव्यापासून वर. थांबे घटून साडेपाच, माणसं शंभर. प्रत्येकाच्या वाट्याला दोनच लिफ्ट, म्हणून वाट जास्त बघायची, पण रांग तरी सरकेल.

पहिल्या दिवशी नऊ वीसला मी वरच्या लिफ्टमध्ये शिरलो. दार मिटत आलं, तेवढ्यात फटीत एक बूट आला.

"जरा थांबा हं, आमचे तिघं पार्किंगमधून येतायत."

बुटाला माझ्या सूत्रात जागा नाही. नऊ छत्तीसला अंगठा लागला.