पितृदोष नाही? घाबरू नका, मिळेल

तुमच्या केळीवर सीएमव्ही आला असेल, कपाशीत गुलाबी बोंडअळी शिरली असेल, पोराचं वय सत्तावीसच्या पुढे गेलं असेल आणि अजून एकाही मुलीकडचा माणूस चहाला आला नसेल, तर कृषी सहायकाला फोन करू नका. मुलीकडचे नोकरी मागतात, शेतकरी पोरगा नको म्हणतात, असल्या उथळ कारणांकडेही लक्ष देऊ नका. कुंडली काढा आणि ज्योतिष्याला नववं घर दाखवा. तिथे आजोबा बसलेले असतात. ते नाराज आहेत.

का नाराज आहेत, हे विचारायचं नसतं. आपल्याकडे अखाजीला घागर भरतात, तिच्यावर खरबूज ठेवतात, आमरस आणि पुरणपोळीचा घास निखाऱ्यावर टाकतात. जिवंतपणी ज्यांना भाकरीवर ठेचा मिळाला तरी पुरे असायचं, ते आजोबा मेल्यावर एवढं जेवूनही नातवाचं लग्न अडवून धरतात, हे तुम्ही मान्य करायचं. मान्य केलं की पुढचं काम सोपं होतं.

आता नववं घर म्हणजे काय ते समजून घ्या, नाहीतर ज्योतिष्याकडे गेल्यावर माना डोलवता येणार नाहीत. कुंडलीतलं लग्न म्हणजे विवाह नव्हे, जन्माच्या वेळी पूर्वेला उगवत असलेली रास. तिच्यापासून नववं स्थान हे भाग्याचं, धर्माचं आणि कित्येक परंपरांत वडिलांचं. वडिलांचा कारक ग्रह रवी. म्हणून या घरात राहू किंवा केतू असला, रवीबरोबर राहू किंवा केतू असला, रवीवर शनीची नजर असली किंवा नवव्याचा स्वामी सहाव्या, आठव्या, बाराव्या घरात जाऊन पडला, की पितृदोष. यातलं एक असलं तरी चालतं. दोन असले तर दोष भारी, आणि खर्चही त्याच मानाने.

तुम्हाला वाटेल, इतकं वाईट नशीब आपल्या एकट्याच्याच पोराचं कसं? तसं समजून दुःखी होऊ नका. राहू-केतू कायम समोरासमोर असतात, म्हणजे बारापैकी दोन घरं त्यांनी अडवलेली. नवव्यात त्यांच्यापैकी एक येणं हे सहातल्या एकाच्या वाट्याला येतं. रवी वर्षभरात बारा राशी फिरतो, म्हणजे दर वर्षी दोन महिने तो राहूच्या किंवा केतूच्या राशीत असतो. त्या दोन महिन्यांत जन्मलेली झाडून सगळी पोरं दोषी, मग ती पारोळ्यात जन्मोत की पेरूमध्ये. शनी स्वतःच्या घरासकट तिसऱ्या, सातव्या आणि दहाव्या घरावर हक्क सांगतो, म्हणजे चार राशी, बाराचा तिसरा हिस्सा. नवव्याचा स्वामी तीन वाईट घरांत असण्याची शक्यता चौथा हिस्सा. या चारही गोष्टी एकमेकींपासून सुट्या धरून ढोबळ गुणाकार केला, तर शंभरातले 35 जण निसटतात आणि 65 जण सापडतात. शनीची नजर नवव्या घरावरही मोजायची ठरवली, की सापडणारे 77 होतात. गावात पाऊस न पडल्याचा दोष ज्यांच्या माथी आहे त्यांची संख्या यापेक्षा कमी भरेल.

आणि ही यादी इथेच थांबते असं नाही. शुभ ग्रह वक्री आहे, रवी नीचेचा आहे, पंचम बिघडलंय, अशी पुरवणी कायम तयार असते. गंमत म्हणजे बृहत्पाराशर होराशास्त्र या नावाने चालणाऱ्या ग्रंथात पितृशाप आहे, पण तिथला विषय संततीचा आहे आणि विचार मुख्यतः पंचम स्थानाभोवती फिरतो. सर्पशाप, मातृशाप, भ्रातृशाप अशा शापांच्या रांगेतलाच तो एक. लग्न, नोकरी, बोअरचं पाणी आणि सोसायटीचं कर्ज त्याच्या गळ्यात नंतर बांधलं गेलं. पण हे तिथे बोलू नका. पुस्तक उघडणारं गिऱ्हाईक कोणालाच आवडत नाही.

आता एक पोरगा हातात घेऊ. चोपड्याकडचा, जन्म 25 ऑगस्ट 1998, गणपती बसले तो दिवस. तीन दिवस आधी पोळ्याच्या अमावस्येला सूर्यग्रहण होऊन गेलेलं. सूर्यग्रहण म्हणजे चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाला जिथे कापतो त्या बिंदूपाशी अमावस्येला सूर्य असणं. सिद्धांतग्रंथ त्या बिंदूंना पात म्हणतात, पंचांग राहू-केतू म्हणतं. साहजिकच त्या दिवशी रवी आणि राहू सिंहेत जवळजवळ एकाच अंशावर. दवाखान्याच्या कागदावर वेळ दुपारी 2:40.

या वेळेला लग्न येतं धनू. धनूपासून नववी रास सिंह. म्हणजे नवव्या घरात रवी, त्याला चिकटून राहू. यापेक्षा ठसठशीत पितृदोष मागूनही मिळत नाही. ज्योतिषी आबा चष्मा कपाळावर सरकवतात आणि म्हणतात, "भाऊ, तुना पोऱ्याना नववा घरमा राहू शे." घरातल्या बायका पदराने डोळे पुसतात. कुठला चुलत आजोबा विहिरीत पडला होता, कुणाचं दहावं नीट झालं नव्हतं, याची यादी आपोआप निघते. कोणत्याही खटल्याच्या घरात अशी यादी निघतेच. तुम्ही ती पूर्णच्या पूर्ण सांगा. आबांनी तीच ओळखून दाखवली असं घरी परतल्यावर सांगायला सोपं जातं.

एक अडचण आहे, ती मात्र मनात आणू नका. सिंह ही रवीची स्वतःची रास. म्हणजे नवव्याचा स्वामी नवव्यातच, स्वगृही. दुसऱ्या ज्योतिष्याकडे गेलात तर तो याच कागदावर बोट ठेवून भाग्यवान पोरगा, बापाचं नाव काढेल असं सांगेल, आणि तोही शास्त्राबाहेर बोलत नसेल. तिसरा म्हणेल कारको भावनाशाय, वडिलांचा कारक वडिलांच्याच घरात बसला म्हणून घर बिघडलं. तिघांचं कधी जमवून आणू नका, चहाचा खर्च तुमच्या अंगावर येईल.

मोठी अडचण आईची. आई म्हणते, "दोनच वाजेल व्हतात." नर्सने बाळ पुसून, वजन करून, मग कागदावर वेळ टाकली. त्या दिवशी त्या भागात अडीचच्या थोडं आधी वृश्चिक लग्न संपून धनू लागतं. आईचं खरं धरलं तर लग्न वृश्चिक, आणि नववं घर कर्क. राहूची नवव्यातून हकालपट्टी. तिथे मीनेतल्या स्वगृहीच्या गुरूची पाचवी दृष्टी येते, आणि नवव्याचा स्वामी चंद्र कन्येत, म्हणजे लाभस्थानात जाऊन बसतो. फक्त कर्केत मंगळ नीचेचा आहे, पण त्याला कोण विचारतो. थोडक्यात, पितर प्रसन्न. चाळीस मिनिटांत सात पिढ्यांचा राग उतरला, आणि तोही एका नर्सच्या हातघाईमुळे.

पण निराश होऊ नका. वृश्चिक लग्न झालं की रवी-राहू दहाव्यात जातात, आणि आपल्याकडे वडील दशमावरून बघणारेही पुष्कळ आहेत. दोष नवव्यातून निघाला आणि दहाव्यात हजर झाला. दोन्ही वेळांना दोष निघणार असेल तर वेळ विचारण्याचा शिष्टाचार कशाला, असं वाटेल. शिष्टाचार पाळावा, शोभतो.

यानंतर त्र्यंबकेश्वरला त्रिपिंडी श्राद्ध सांगतील, किंवा तीन दिवसांची नारायण नागबली. तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशाला गेलं तर जवळ पडतं आणि गाडीभाडं वाचतं, पण जवळचा उपाय कमी लागू होतो अशी लोकांची समजूत आहे, तेव्हा लांबचाच धरा. पैसे कपाशीच्या हप्त्यातून काढा. खताचं बघता येईल. नाहीतरी खत घालूनही पितर नाराज असतील तर काय उपयोग?

आता एवढं सगळं वाचूनही तुमच्यातल्या एखाद्याच्या मनात शंका येतेच. त्याने काय करू नये ते सांगून ठेवतो. घरातल्या सख्ख्या-चुलत भावंडांच्या कुंडल्या एकत्र करू नये. पितर सगळ्यांचे एकच, पण लग्न दर दोन तासांनी बदलतं, त्यामुळे एका भावाचं नववं घर काळं आणि दुसऱ्याचं पांढरंशुभ्र निघतं. मग आजोबा नेमके कुणावर रागावलेत, हा प्रश्न उभा राहतो. त्याहून वाईट म्हणजे त्या कुंडल्यांवरची नावं झाकून, कोणाचं लग्न झालं, कोणाला पोलिसभरती लागली, कोणाची केळी गेली, हे काही न सांगता ज्योतिष्यापुढे ठेवू नये. त्यातली दोषाची कुंडली कोणती आणि अडलेल्या पोराची कोणती, हे त्याने आधी कागदावर लिहून द्यावं असा हट्ट धरू नये. पूजा झाल्यावर किती महिन्यांत काय होईल, आणि झालं नाही तर आपण काय समजायचं, हेही आधी लिहून मागू नये. वडील हयात आहेत की नाहीत, हे नवव्या घरावरून त्यालाच सांगायला लावणं तर सरळ अपमान आहे. त्यातून काहीच चुकत नाही, फक्त बैठक लवकर आटोपते आणि दक्षिणा खिशात राहते.

श्राद्ध आवडीने करणाऱ्यांना हे लागू नाही. त्यांचं काहीच अडलेलं नसतं, त्यामुळे त्यांचं नववं घर कोणी बघत नाही. काकूला मनापासून नवऱ्याच्या नावाने पान वाढायचं असतं, ती वाढते, कावळ्याला हाक मारते, दोन माणसं जेवायला बोलावते. तिला कुंडली लागत नाही आणि तिच्याकडून कोणाला काही मिळतही नाही, म्हणून तिच्या दोषाचा शोध अजून लागलेला नाही.

चोपड्याच्या त्या पोराचं पुढे काय झालं, हे विचारताय? पूजेला गेलं घर, तेव्हा तो जळगावला एका बियाण्यांच्या दुकानात लागला होता. लग्न जमलं. मुलीच्या बापाने दोनच गोष्टी विचारल्या, पगार महिन्याच्या कितव्या तारखेला होतो आणि शेत कोण बघणार. आबांनी मात्र आपल्या वहीत त्याचं नाव बरे झालेल्यांच्या पानावर लिहून घेतलं आहे.